जागा सोडली

पारखीबाईंना काचेतला बुडबुडा दिसायचा, माणसातला नाही, असं त्यांचा नवरा म्हणायचा. स्वतःच्या लग्नाचं याहून समाधानकारक स्पष्टीकरण त्याला सापडलं नव्हतं. तो शिंपी होता. पुढच्या खोलीत मशीनवर बसून दिवसभर पायाने काम आणि तोंडाने टीका करायचा. पारखीबाई मात्र आयुष्यभर तोंड मिटून काम करत आल्या होत्या, कारण त्यांच्या कामात बोललं की नजर हलायची.

पारखी हे त्यांचं नाव नव्हे. बाटल्यांच्या कारखान्यात त्या मुलगी म्हणून शिरल्या आणि तपासणीच्या दिव्यापुढे बसल्या, तेव्हा कुणीतरी गमतीने ठेवलेलं ते नाव पुढे पगारपत्रक सोडून सगळीकडे चिकटलं. समोर पांढऱ्या उजेडाचा पडदा, त्याच्यापुढून सरकणारा पट्टा, पट्ट्यावर बाटल्या. ज्या बाटलीत बुडबुडा, तडा किंवा काळा ठिपका दिसेल ती उचलून मागच्या पिंपात टाकायची. पिंपातून फुटल्याचा आवाज यायचा तेवढीच दिवसातली करमणूक. या कामाने माणूस शहाणा होत नाही आणि वेडाही होत नाही, फक्त डोळे मिटले तरी बाटल्या सरकत राहतात. पारखीबाईंना त्याची इतकी सवय झाली होती की रात्री बाटल्या दिसल्या नाहीत तर त्यांना झोप लागायची नाही.

दिव्यापुढे स्टुलं दोन होती. एक जण बघायची, दुसरी पलीकडे खोकी भरायची आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. त्याहून जास्त वेळ बघितलं की डोळा बघतो पण दिसत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या स्टुलावरची बाई पारखीबाईंच्या आगेमागेच कामाला लागलेली. दोघींना मिळून सगळे ‘जोडी’ म्हणायचे, आणि दुसरीला वेगळं नाव पडलंच नाही. ती जोडीदारीणच राहिली. घड्याळ बघण्याची भानगड तिने आपल्याकडे घेतली होती. अर्धा तास भरला की ती मागून यायची आणि पारखीबाईंच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवायची. “ऊठ गं, माझी पाळी.” तिचे हात बारा महिने गार असायचे. पारखीबाई म्हणायच्या, “मेल्यावर काय करशील? आणखी गार कुठून आणशील?”

जोडीदारीण मागच्या थंडीत गेली. सुट्टीच्या दिवशी, घरी, दुपारच्या झोपेत. कारखान्याचा एकही तास बुडवला नाही, असं सुपरवायझर सांत्वनाला आला तेव्हा म्हणाला. त्याच्या परीने ते कौतुकच होतं.

दुसरं स्टूल रिकामं राहिलं. आपोआप तपासणी करणारा कॅमेरा येणार होता, म्हणून माणूस भरायचा नाही असं वरून ठरलं. कॅमेरा येईपर्यंत पारखीबाईंनी चालवून घ्यायचं होतं. खोकी भरायला दुसऱ्या खात्यातला कुणीतरी यायचा, पण दिव्यापुढे बसायला कुणी येत नसे. पारखीबाईंनी सुपरवायझरला सांगितलं, “साहेब, बदली द्या. मधून तरी कुणाला बसवा.” त्याने ऐकून घेतलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तो हुशार होता. तिसऱ्या वेळी म्हणाला, “कॅमेरा निघालाय बाई, वाटेत आहे.” कॅमेरा पायी येत असावा.

आणि पहिल्याच आठवड्यात ते सुरू झालं. अर्धा तास भरला की डाव्या खांद्यावर दोन बोटं, गार.

पारखीबाई उठायच्या. त्यात विचार नव्हता. दारावर थाप पडली की आपण ‘कोण?’ म्हणतो, त्यात जितका विचार असतो तितकाच. त्या उठून पलीकडे खोक्यांपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि मग कधीतरी लक्षात यायचं की दिव्यापुढे कुणीच नाही. पट्टा चालू. बाटल्या आपल्या कुणी बघत नाही म्हणून जरा ऐटीत चालल्यासारख्या निघून जायच्या. पारखीबाई घाईने परत येऊन बसायच्या. स्टूल गार लागायचं. आपण उठलेल्या स्टुलाला आपल्याच अंगाची ऊब असायला हवी, एवढं त्यांना कळत होतं.

घरी त्यांनी एकदा सांगितलं. शिंप्याने मशीन थांबवलं, हे विशेष. म्हणाला, “अगं, मग काय वाईट आहे? मेल्यावरसुद्धा पाळी चुकवत नाही. असं माणूस मिळतं कुठे?” मग मशीन चालू करून, आवाजाच्या आड, “तू घाबरतेस का?” असं विचारलं.

“घाबरत नाही,” पारखीबाई म्हणाल्या. “तिला कोण सांगणार, एवढंच वाटतं.”

तडे गेलेल्या बाटल्या गिऱ्हाइकाकडे पोहोचल्या आणि परत आल्या. सुपरवायझर पट्ट्यापाशी आला तेव्हा पारखीबाई नेमक्या खोक्यांपाशी उभ्या होत्या.

“बाई, जागा सोडायची नाही म्हणून किती वेळा सांगितलं?”

“मी नाही सोडत. मला उठवतात.”

“कोण उठवतं?”

पारखीबाईंनी रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. सुपरवायझरनेही बघितलं, आणि मग बघितल्याचा राग त्याला पारखीबाईंवर आला. “हे बघा. एकटीने सलग बसायचं असेल तर बसा. नाहीतर जा.”

“मग जाते,” पारखीबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून गेल्या. इतक्या वर्षांत त्या कुणाला पहिल्यांदाच उलट बोलल्या होत्या. ते इतकं थोडक्यात आटोपलं याचं त्यांना फाटकापाशी आश्चर्य वाटलं.

*

बेकारी विम्याच्या कचेरीत खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या. बेकार माणसं खुर्च्या पळवतात असा कुणाचा तरी अनुभव असावा. शिंप्याने घरून निघताना पढवून पाठवलं होतं: “सोडली म्हणू नकोस. काढलं म्हण. सोडली म्हटलं की काही हातात येत नाही. आणि घरभाडं माझ्या शिवणीतून निघत नाही, हे तुला माहीत आहे.” पारखीबाई नंबर येईपर्यंत ‘काढलं, काढलं’ असं मनात घोकत बसल्या.

खिडकीपलीकडच्या बाईंना सर्दी झाली होती. प्रत्येक प्रश्नाआधी त्या शिंकायच्या आणि त्यामुळे प्रश्न उगाचच गंभीर वाटायचा.

“गेल्या दोन वर्षांत निदान बारा महिने पगारातून वर्गणी कापलेली हवी,” त्या पडद्यावर बघत म्हणाल्या. “तुमची सलग आहे. ही अट झाली.”

“त्याआधीची पंचवीस वर्षं?”

“पात्रतेला ही दोनच बघतात. आधीच्यामुळे भत्ता किती महिने चालेल तेवढं वाढतं.” शिंक. “उद्या काम मिळालं तर करू शकता? तब्येत?”

“डोळे जरा—”

“थांबा.” बाईंनी रुमाल खाली घेतला. “काम करता येत नाही म्हणालात तर हा विमा तुमचा नाही. आजारपणाचा विभाग पलीकडच्या इमारतीत. इथे माणूस धडधाकट, कामाला तयार आणि काम शोधणारा लागतो. डोळे कसे आहेत?”

“तुमच्या खिडकीच्या काचेत खाली उजवीकडे बुडबुडा आहे.”

बाईंनी वाकून पाहिलं. होता. “चांगले आहेत,” त्या म्हणाल्या आणि तसं लिहिलं. “आता, नोकरी कशी गेली?”

‘काढलं’ ओठांवर आलं होतं. नेमका तेव्हाच अर्धा तास भरला. डाव्या खांद्यावर दोन बोटं टेकली. पारखीबाई उठल्या.

“कुठे चाललात?”

पारखीबाई उभ्याच राहिल्या. मागे रांगेतला एक जण बसायला पुढे सरकला होता, तो खजील होऊन मागे गेला.

“बसा,” खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. “कारखान्याने कळवलं आहे ते वाचून दाखवते. ‘वारंवार जागा सोडली. समज दिल्यावर जागा सोडली.’” त्यांनी वर बघितलं. “एकाच ओळीत दोनदा. पहिली जागा म्हणजे स्टूल आणि दुसरी म्हणजे नोकरी, असं मी धरते. बरोबर?”

“बरोबर.”

“स्टूल सोडलं तर ती चूक. नोकरी सोडली तर तो तुमचा निर्णय. दोन्हींचा निकाल वेगळा लागतो. पहिला आठवडा कुणालाच पैसे मिळत नाहीत, तो सगळ्यांचा थांबायचा आठवडा. पण सबळ कारण नसताना स्वतःहून नोकरी सोडली असेल तर भत्ता बारा आठवडे बंद. आणि ते पुढे मिळत नाहीत, गेले ते गेले. तुमचं काय?”

शिंप्याचं मशीन पारखीबाईंच्या कानात चाललं होतं. त्या म्हणाल्या, “मला काढलं, असं म्हटलं तर?”

“तर मी कारखान्याला विचारीन. ते नाही म्हणतील. मग खोटी माहिती म्हणून वेगळं प्रकरण, आणि घेतलेले पैसे परत.” शिंक. “तसं म्हणता का?”

“नाही. मी ‘जाते’ म्हटलं. त्यांनी ‘बसा नाहीतर जा’ म्हटलं होतं.”

“आणि बसायचं का नव्हतं?”

पारखीबाईंनी सांगितलं. बुडबुड्यापासून सुरू करून दोन बोटांपर्यंत सगळं सांगितलं. सरकारी खिडकीत इतकं सलग बोललेलं बहुधा कुणी ऐकलं नव्हतं. बाई एकदाही शिंकल्या नाहीत.

“भूत सबळ कारणांत नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. आवाजात थट्टा नव्हती. यादी तपासून आल्यासारखा आवाज होता. “पगार थकवणं आहे. धोक्याचं काम आहे, तब्येतीला न झेपणारं काम आहे, पण ते आधी मालकाला सांगून सुधारायची संधी दिलेली हवी. त्या जागेवर माणसं किती असायची?”

“दोन.”

“आणि सोडली तेव्हा?”

“एक.” पारखीबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “तशा दोनच. पण एक.”

“मी एक लिहिते. बदली मागितली होती?”

“तीनदा.”

“कुणासमोर?”

“तिच्यासमोर.”

बाईंनी पेन खाली ठेवलं, रुमाल नाकाला लावला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. हसणं की सर्दी, ते कळायला मार्ग नव्हता. “कारखान्याला प्रश्न पाठवते,” त्या म्हणाल्या. “निकाल लागेपर्यंत काम शोधायचं, बोलावू त्या तारखेला यायचं. कुठे गेलात, कुणी काय म्हटलं, पुराव्यासकट सांगायचं. निकाल लागला नाही म्हणून शोधणं थांबवलं तर भत्ता थांबवायला तेही कारण पुरतं. आणि आम्ही सुचवलेलं योग्य काम विनाकारण नाकारलं तरी भत्ता थांबतो.”

*

काम शोधणं हे पारखीबाईंनी मुलगी असताना एकदाच केलं होतं, आणि तेव्हा ते दारातून आत शिरण्याइतकं सोपं होतं. आता त्या धुलाईच्या कारखान्यात गेल्या, एका शाळेत झाडलोटीचं विचारलं, औषधांच्या गोदामात खोकी भरण्याची चाचणी दिली. शिंपी पत्ते शोधून द्यायचा आणि वरून म्हणायचा, “तिलाही घेऊन जा. एका पगारात दोघी म्हटलं तर मालक उडी मारेल.”

चष्म्याच्या दुकानात खरंच जमत आलं होतं. भिंगं तपासायची होती. मालकिणीने तीन भिंगं पुढे ठेवली, त्यातल्या दोन भिंगांतले दोष पारखीबाईंनी हातात घेण्याआधीच सांगितले. मालकीण खूश झाली, चहा मागवला, कामाच्या वेळा सांगू लागली, वेळा सांगता सांगता स्वतःच्या सुनेवर आली, आणि सुनेच्या मध्यावर अर्धा तास भरला. पारखीबाई उठल्या आणि दारापर्यंत गेल्या. परत वळल्या तेव्हा मालकिणीचा चेहरा मिटला होता. ‘बोलणं चालू असताना स्वतःहून उठून गेल्या’ असं तिने कचेरीच्या कागदावर लिहून दिलं. सुनेचा उल्लेख केला नाही.

त्या दिवशी पारखीबाई घरी न जाता कारखान्याच्या कुंपणापाशी गेल्या. तपासणीची खिडकी रस्त्यावरून दिसायची. पांढरा उजेड जळत होता. त्यापुढे कुणीतरी नवखा पोरगेला माणूस सलग बसला होता, आणि पलीकडचं स्टूल रिकामं. पारखीबाई बघत उभ्या राहिल्या. किती वेळ ते त्यांना कळलं नाही, पण तो माणूस एकदाही उठला नाही. त्याच्या खांद्याला कुणी हात लावला नाही. म्हणजे जोडीदारीण तिथे नव्हती. ती इथे होती, कुंपणाबाहेर, बेकार. पारखीबाईंना पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आपण जागा सोडली तेव्हा तिचीही सुटली, आणि तिला तर कुठली कचेरीही नव्हती.

“घरी चल,” त्या मोठ्याने म्हणाल्या, आणि डावी बाजू मोकळी ठेवून चालत घरी आल्या.

*

तारखेला खिडकीवरच्या बाईंची सर्दी बरी झाली होती. त्यामुळे त्या कमी गंभीर आणि जास्त थकलेल्या वाटत होत्या.

“कारखान्याचं उत्तर आलं,” त्या म्हणाल्या. “सुपरवायझर लिहितो, दुसरी जागा थंडीपासून रिकामी आहे. या बाईंनी अनेकदा बदली मागितली होती. त्याने स्वतः वर माणूस मागितला होता, कॅमेऱ्यामुळे नामंजूर झाला. अर्ध्या तासाची अदलाबदल ही कारखान्याचीच पद्धत होती, असंही त्याने लिहिलंय. त्याने हे लिहायची गरज नव्हती. पण लिहिलंय.”

पारखीबाईंना सुपरवायझरने रिकाम्या स्टुलाकडे टाकलेली ती नजर आठवली.

“तर सबळ कारण मान्य. बारा आठवड्यांची बंदी नाही. थांबायचा आठवडा सोडून नाव नोंदवल्या दिवसापासूनचा भत्ता मिळेल.” बाईंनी दुसरा कागद ओढला. “चष्म्याच्या दुकानातून हे आलंय. ‘स्वतःहून उठून गेल्या.’ हे पुन्हा झालं तर काम शोधत नाही असं धरावं लागेल. उठू नका.”

“मी नाही हो उठत.”

“माहीत आहे. तरी उठू नका.” मग त्या जरा थांबल्या. चांगली बातमी सांगताना लोक थांबत नाहीत, हे पारखीबाईंनी ओळखलं. “आणि एक जागा आली आहे. योग्य काम म्हणून मला ती तुम्हाला सुचवावीच लागेल. घरापासून जवळ, पगार आधीइतका, कामाचा अनुभव पूर्ण. बाटली तपासनीस. दोन जागा.”

“दोन?” पारखीबाईंनी विचारलं.

“आमचा प्रश्न गेल्यावर वरच्यांनी विचार बदलला म्हणे. कॅमेरा पुढच्या वर्षावर गेला.”

“नाही म्हटलं तर?”

“तुमचं सबळ कारण एकटीने बसावं लागणं हे होतं. आता दोघी असणार. ते कारण संपलं.” बाईंनी खिडकीच्या काचेतल्या बुडबुड्यावर बोट ठेवलं. पूर्वी दिसला नव्हता आणि आता त्यांना रोज दिसत असणार. “दुसरं कुठलं कारण असेल, तर ते यादीत नाही.”

घरी शिंप्याने सगळं ऐकलं. “म्हणजे सरकारने तुला त्याच स्टुलावर बसवण्यासाठी एवढा कागद खर्च केला?” तो म्हणाला. मग सुईत दोरा ओवता ओवता, त्यांच्याकडे न बघता, “नको असेल तर जाऊ नकोस. भत्ता बंद तर बंद. मी दोन झगे जास्त शिवीन,” असंही म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने शेवटी टोमणा जोडला नाही, आणि तो विसरला असेल म्हणून पारखीबाईंनी जरा वाट पाहिली.

“जाते,” त्या म्हणाल्या. “तिलाही परत न्यायला हवं.”

*

सुपरवायझरने त्यांना फाटकापासून आत नेलं. वाटेत तो कॅमेऱ्याबद्दल काही बोलला नाही. दुसरी नेमलेली बाई आधीच आली होती. तरुण होती, आणि हाताचे तळवे वारंवार ओढणीला पुसत होती.

“कुठल्या जागेवर बसता?” सुपरवायझरने पारखीबाईंना विचारलं. आपल्या जुन्या जागेवर, असं उत्तर त्याने धरूनच ठेवलं होतं.

पारखीबाईंनी जोडीदारणीचं स्टूल धरलं. ते गार होतं. त्या सावकाश बसल्या, कुणाच्या मांडीवर बसतो तशा. “तू पलीकडे खोकी भर,” त्यांनी नव्या मुलीला सांगितलं. “घड्याळ तुझ्याकडे. अर्धा तास झाला की ये.”

पट्टा सुरू झाला. उजेड. बाटल्या आल्या, ओळखीच्या असल्यासारख्या. पहिल्या बुडबुड्याची बाटली मागच्या पिंपात फुटली तेव्हा पारखीबाईंना घरी आल्यासारखं वाटलं आणि त्याची थोडी लाजही वाटली. त्या बघत राहिल्या. डोळ्यांच्या कडेला पाणी साचत गेलं, म्हणजे वेळ होत आली होती. त्यांनी डावा खांदा जरासा सैल सोडला, वर केला, तयार ठेवला.

दोन बोटं टेकली.

“काकू, उठा. माझी पाळी.”

हात गरम होता, आणि घामाने ओलसर.

पारखीबाई लगेच उठल्या नाहीत. आणखी कुणाचा हात येतो का, म्हणून त्यांनी एक बाटली जाऊ दिली. मग दुसरी. दुसरीत तडा होता. तो त्यांना स्पष्ट दिसला आणि त्यांनी तिला जाऊ दिलं.

“काकू?”

“उठते गं,” त्या म्हणाल्या, आणि जागा सोडली.